तपासले, असे समजावे

त्या इस्पितळात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर अर्थातच "मॅडम". पण ती जिन्यावर दिसली की खालच्या पायऱ्यांवरचे लोक एकमेकांना कोपरानं ढोसत आणि आवाज आपोआप खाली येत. हे तिच्या कानावर कधीच आलं होतं. तिला राग आला नाही. "विळी म्हणत नाहीत हे नशीब," ती म्हणाली होती. "विळी एका जागी बसून कापते. मी हिंडून कापते."

ती औषधोपचाराची डॉक्टर. वय पन्नाशीच्या पुढं, केस आखूड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. लग्न केलं नव्हतं; विचारायला आलेल्यांना तिनं दोन वाक्यांत तपासून घरी पाठवलं होतं, असं तिची ताईच सांगे. रोग्यांशी ती गोड नव्हती, पण त्यांचं पूर्ण ऐकून घ्यायची, आणि रोग्यांना तेवढंच हवं असतं. तिच्या जिभेची धार होती ती सहकाऱ्यांसाठी. हाडांचे सर्जन तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलतात, त्वचेचे डॉक्टर रोग्यापेक्षा आरशाकडं जास्त बघतात, आणि व्यवस्थापक म्हणजे साबणाची वडी, हातात धरायला जावं तर निसटते. हे सगळं ती त्यांच्या देखतच बोलायची.

ती शिकाऊ होती तेव्हापासून इस्पितळात एक टंकखोली होती. डॉक्टर रोगी तपासून आले की यंत्रात बोलत, आणि टंकखोलीतल्या बाया कानाला हेडफोन लावून ते टाइप करत. पुढं बोललेलं आपोआप कागदावर उमटवणारं यंत्र आलं. बाया निम्म्या झाल्या. उरलेल्या आता टाइप करत नव्हत्या, तर यंत्रानं लिहिलेलं ऐकून दुरुस्त करत होत्या. यंत्राच्या चुकांवर सुरुवातीला सगळं इस्पितळ हसलं. "पोट मऊ आहे" च्या जागी "पोर मऊ आहे", "दम लागतो" च्या जागी "दाम लागतो", आणि "पायाला सूज" च्या जागी "पायाला रोज". टंकखोलीच्या प्रमुख बाई अशा चुका भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवत आणि येणारा-जाणारा वाचून करमणूक करून घेई.

कात्रीबाई एकदा त्या फळ्यासमोर उभी राहिली आणि तिनं नाक मुरडलं.

"हे काय कौतुक? हसू येणारी चूक काय कामाची? ती तर आंधळ्यालाही दिसते. 'ॲलर्जी नाही' मधला 'नाही' गळला तर कोण हसणार? वाक्य कसं छान सरळ वाचलं जाईल. ती चूक लिहा फळ्यावर."

"ती सापडली तर लिहू ना, मॅडम," प्रमुख बाई म्हणाल्या.

हे उत्तर तिला आवडलं. पण आवडलं असं ती कधीच सांगत नसे.

मग एक दिवस व्यवस्थापकांनी सभा बोलावली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि टेबलाच्या टोकाला कडक इस्त्रीचा एक विक्रेता. यंत्राचं पुढचं पाऊल आलं होतं. आता ते नुसतं बोललेलं उमटवणार नव्हतं. रोग्याच्या मुक्कामातल्या सगळ्या नोंदी वाचून घरी जाताना द्यायचा सारांशही तेच लिहिणार होतं. डॉक्टरनं फक्त नजर टाकायची आणि खालचं हिरवं बटण दाबायचं. बटणावर लिहिलेलं होतं, 'तपासले'.

"अठ्ठ्याण्णव टक्के अचूक," विक्रेता म्हणाला.

"उरलेले दोन टक्के कोणत्या शब्दांत आहेत?" कात्रीबाईनं विचारलं.

"म्हणजे?"

"'आणि' चुकला की 'नाही' चुकला? पंधराचे पन्नास झाले की 'नमस्कार' चा 'नमकार' झाला? तुमच्या हिशेबात दोन्हीला एकच गुण. माझ्या हिशेबात एक रोगी मरतो आणि दुसरा नमस्कार करून घरी जातो."

विक्रेत्यानं घसा खाकरला. "म्हणूनच तर शेवटी माणूस ठेवला आहे, मॅडम. माणूस तपासतो."

"कोणता माणूस? हा?" तिनं हाडांच्या सर्जनकडं बोट दाखवलं. ते मोबाइलवर क्रिकेट बघत होते. "हा स्वतःचं बोललेलं वाचत नाही, यंत्राचं वाचणार?"

सभेत हशा पिकला. सर्जनही हसले, कारण ते ऐकतच नव्हते. व्यवस्थापक साबणासारखे हसले आणि म्हणाले, "आपण सूचना नोंदवून घेऊ." ती नोंदवून घेतली गेली की नाही, देव जाणे. महिन्याभरात यंत्र सगळ्या मजल्यांवर लागलं. शिवाय दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या पुढच्या दालनात एक मोठा पडदा लावला, त्यावर सगळ्यांत जलद तपासणाऱ्या डॉक्टरांची नावं झळकू लागली.

"शर्यतीचे घोडे केलेत तुम्ही आमचे," कात्रीबाई म्हणाली. "घोड्याला निदान चाबूक दिसतो."

पण खरं सांगायचं तर तिची स्वतःची सवयही हळूहळू तीच झाली. यंत्राचं लिखाण होतं मोठं देखणं. वाक्यं सुटसुटीत, खाडाखोड नाही, हाडांच्या सर्जनांचं पुटपुटणंसुद्धा त्यातून सभ्य माणसासारखं बाहेर पडे. पहिल्या आठवड्यात तिनं प्रत्येक सारांश मूळ नोंदींशी ताडून पाहिला. त्यासाठी तीनदा बटणं दाबून मागच्या पानांवर जावं लागे. पुढं ती फक्त अवघड रोग्यांचे ताडून पाहू लागली. मग फक्त स्वतःच्या रोग्यांचे. कधी चूक सापडत नसे, म्हणून ती शोधणं कमी होत गेलं. आणि शोधणं कमी झालं म्हणून चूक आणखी कमी सापडू लागली. या चक्रात तिच्यासारखी बाई सापडली, आणि तिला पत्ताही लागला नाही.

तिचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. आईबाप लवकर गेले तेव्हा ताईनं आणि त्यांनीच तिला वाढवलं, सायकल शिकवली, वैद्यकीच्या परीक्षेच्या वेळी हाडांची चित्रं काढून भिंतींवर डकवली. जगात एकच माणूस असा होता ज्याच्यापुढं कात्रीबाईची धार बोथट व्हायची, आणि तो म्हणजे हा. भावोजींच्या हृदयाचे ठोके काही वर्षांपासून अनियमित होते, म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. त्या दिवसांत त्यांना शौचाला काळी झाली, चक्कर आली, आणि ते इस्पितळात दाखल झाले. पोटात व्रण होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. पोटवाल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून ते थांबवलं. नातलग म्हणून कात्रीबाई उपचारात पडली नाही. नुसती सकाळ-संध्याकाळ खाटेपाशी जाऊन नर्सना धारेवर धरायची.

दुर्बीण बाहेर काढल्यावर पोटवाले डॉक्टर यंत्रात स्पष्ट बोलले होते: "रक्त पातळ करणारी गोळी बंद. पुन्हा भेटीला येतील तेव्हा सुरू करायची का ते ठरवू." यंत्रानं ते अक्षरन् अक्षर बरोबर उमटवलं. टंकखोलीनं ते ऐकून बरोबर असल्याची खूण केली. मजल्यावरच्या औषधांच्या तक्त्यात नर्सनं त्या गोळीवर आडवी रेघ मारली. इथवर कुणाचंच काही चुकलं नाही.

मग पोटवाले डॉक्टर परगावी परिषदेला गेले, आणि त्यांच्या रोग्यांचे सारांश तपासण्याचं काम वाटून दिलं गेलं. कात्रीबाईच्या पडद्यावर ढीग आला. ती एका हातानं फोनवर अतिदक्षता विभागाशी भांडत होती आणि दुसऱ्या हातानं हिरवं बटण दाबत होती. त्यातल्या एका सारांशाच्या शेवटी लिहिलं होतं: 'आधीची औषधे पूर्वीप्रमाणे सुरू ठेवावीत', आणि खाली औषधांची यादी. वाक्य इतकं सभ्य होतं की नजर त्यावरून घसरली. वरती रोग्याचं नाव होतं. तेही तिनं वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातल्या औषधवाल्याचा तिला फोन आला. हा औषधवाला फार मोजकं बोलायचा आणि बहुतेक वेळा तक्रारच करायचा.

"मॅडम, आज सकाळपासून माझा संगणक बंद आहे. म्हणून मी मजल्यावरून कागदी तक्ते मागवले. एका रोग्याच्या बाई आल्यात औषधं घ्यायला. सारांशात रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. तक्त्यात तिच्यावर रेघ आहे. आणि रोग्याला पोटातून रक्तस्राव झालेला. सही तुमची आहे."

"कोणता रोगी?"

त्यानं नाव सांगितलं.

कात्रीबाई उठून उभी राहिली. 

तिनं ताईला फोन लावला. ताई औषधांच्या खिडकीसमोरच उभी होती. "ताई, ती गोळी घेऊ नको. घरी जुनी आहे का?"

"आहे की. कपाटात अख्खी पट्टी आहे. अगं, काल संध्याकाळी घरी आणलं, आणि ह्यांनी आज सकाळी घेतली पण. म्हणाले, कागदावर लिहिलंय सुरू ठेवा, वर तुझ्याच नावाची सही. म्हणाले, माझ्या मेव्हणीची सही असल्यावर मी दुसऱ्यांदा वाचू कशाला?"

भावोजींना परत आणलं. ते कपाळाला आठ्या घालून चाकांच्या खुर्चीत बसले होते. रक्त तपासलं, नाडी, रक्तदाब पाहिला, दर थोड्या वेळानं पुन्हा पाहिला. पुढची गोळी अर्थातच रोखली. संध्याकाळी रक्तातलं हिमोग्लोबिन सकाळइतकंच होतं. दुसऱ्या दिवशीही तितकंच. व्रण धरून राहिला. नशीब बलवत्तर म्हणायचं, दुसरं काय.

खाटेपाशी बसून कात्रीबाई म्हणाली, "भावोजी, मी वाचलं नाही."

"काय?"

"सारांश. मी न वाचता बटण दाबलं. तुमचं नावसुद्धा नाही वाचलं."

भावोजींनी उशी पाठीशी सरकवली. "शाळेत मी पोरांच्या चित्रांवर 'उत्तम' असं न बघताच लिहायचो," ते म्हणाले. "पण त्यात कुणाचं पोट नाही फाटलं."

ताई मात्र बहिणीकडं पाहत पदराच्या टोकाला पीळ देत राहिली, आणि कात्रीबाईला वाटलं, हिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सभा पुन्हा भरली. या वेळी विक्रेता नव्हता. व्यवस्थापकांनी एक परिपत्रक वाचून दाखवलं: 'सर्व डॉक्टरांनी सारांश काळजीपूर्वक व लक्षपूर्वक तपासावेत. यापुढे दोन डॉक्टरांच्या सह्या आवश्यक.'

"काळजीपूर्वक!" कात्रीबाई म्हणाली. "माझ्याएवढी खडूस बाई तुमच्याकडं दुसरी आहे? आणि ती माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा कागद. तरी सुटलं. आता तुम्ही कागदावर 'लक्षपूर्वक' असं लिहिणार आणि ते लक्ष आमच्या डोक्यात आकाशातून पडणार?"

"पण दोन सह्या असतील तर..."

"दोन सह्या म्हणजे काय होणार ते सांगते. पहिला म्हणेल, दुसरा बघेल. दुसरा म्हणेल, पहिल्यानं बघितलंय. दोघं मिळून एकही माणूस होणार नाही. एकच कागद चार जणांनी वाचला तरी त्यात जे नाही ते दिसणार नाही. चूक कुणी पकडली? औषधवाल्यानं. तो आमच्यापेक्षा शहाणा आहे म्हणून नव्हे." औषधवाला कोपऱ्यात बसला होता, त्यानं मान हलवून मान्य केलं. "त्याचा संगणक मेला होता म्हणून! चालू असता तर त्याच्या पडद्यावर हीच यंत्राची यादी आली असती, आणि यंत्रानं यंत्राची पाठ थोपटली असती. त्याच्या हातात निराळ्या वाटेनं आलेला दुसरा कागद होता, म्हणून जमलं. तुमच्या इस्पितळातली तपासणीची सगळ्यांत चांगली व्यवस्था म्हणजे एक बिघडलेला संगणक. बसवा त्याचा पुतळा पुढच्या दालनात, त्या घोड्यांच्या यादीशेजारी."

कुणी हसलं नाही. व्यवस्थापकांनी परिपत्रकाची घडी घातली आणि म्हणाले, "मग काय करायचं ते तुम्हीच सांगा." दुसऱ्याच्या गळ्यात धोंड बांधण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

ती धोंड तिनं घेतली. टंकखोलीच्या प्रमुख बाई, औषधवाला आणि यंत्र सांभाळणारा अभियंता यांना बरोबर घेतलं. सारांशाच्या पडद्यावर प्रत्येक ओळीशेजारी ती ओळ कुठून आली ते दिसलंच पाहिजे, ही तिची पहिली मागणी. मूळ नोंदीतलं वाक्य शेजारी, आणि टिचकी मारली की बोलणाऱ्याचा आवाज. ज्या ओळीला मूळच सापडत नाही ती लाल. लाल ओळ निकालात काढल्याशिवाय बटण उमटणारच नाही. अभियंत्यानं ते केलं. कात्रीबाईला वाटलं, झालं काम.

मग तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. खऱ्या रोग्यांच्या कागदात मुद्दाम चूक घालणं म्हणजे आगीशी खेळ. म्हणून तिनं कधीच न जन्मलेल्या रोग्यांचे कागद रचले, सरावाच्या निराळ्या ढिगात ठेवले, आणि त्यांत चुका पेरल्या. कुठं 'नाही' काढून टाकला, कुठं डाव्याचा उजवा केला, कुठं वडिलांचा मधुमेह मुलाला चिकटवला. एका कागदात, नावगाव बदलून, भावोजींचीच कथा घातली. डॉक्टरांना ढिगात चुका आहेत हे सांगितलं, कुठं ते नाही. हे रोगी खोटे आहेत हेही सांगितलं.

निकाल आला तेव्हा तिनं आधी हाडांच्या सर्जनांचा पाहिला, कारण तिला मजा घ्यायची होती. डाव्या-उजव्याच्या चुका त्यांनी सगळ्या पकडल्या होत्या. एकही सुटली नव्हती. तिनं कागद उलटा करून ठेवला.

भावोजींची कथा मात्र जवळजवळ सगळ्यांनी पुन्हा सोडली होती. चुका आहेत हे सांगूनसुद्धा.

"हे कसं?" ती अभियंत्यावर गरजली. "शेजारी मूळ दिसत होतं ना!"

"दिसत होतं, मॅडम. म्हणूनच सोडली," अभियंता म्हणाला. "'आधीची औषधे सुरू' या ओळीला मूळ आहे. दाखल होतानाची नोंद. ते खरंच तिथं लिहिलंय. दुर्बिणीची नोंद वेगळ्या कप्प्यात जाते, आणि सारांशाच्या यंत्राला तो कप्पा दिलेलाच नाही. जे त्यानं वाचलंच नाही ते लाल कसं होणार?"

कात्रीबाई खुर्चीत मागं रेलली. आपण मोठ्या दिमाखात कुंपण घातलं होतं, आणि चोर तर आधीपासून आत. खोटी ओळ लाल झाली असती. शिळी ओळ हिरवीगार दिसली.

"म्हणजे मीही त्या साबणाच्याच जातीची," ती म्हणाली. "परिपत्रकाऐवजी रंग लावला, एवढंच."

टंकखोलीच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "मॅडम, चूक ऐकून सापडते ती बोललेल्यात असली तर. गाळलेलं सापडायला आधी काय असायला हवं होतं ते माहीत लागतं."

"हो, ते कळलं मला," कात्रीबाई फटकारून म्हणाली. आणि मग जरा वेळानं, खालच्या पट्टीत, "कळलं."

दुसरा फेरा सुरू झाला. दुर्बिणीचा, क्ष-किरणांचा, प्रयोगशाळेचा, असे सगळे कप्पे यंत्राला जोडायला लावले. एखादा कप्पा जोडलेला नसेल तर सारांशाच्या माथ्यावर तसं ठळक दिसायला लावलं. प्रत्येक मूळ वाक्याबरोबर त्याची तारीख आली. औषधांना तिनं यंत्राच्या हाती सोडलंच नाही. दाखल होताना काय होतं, मजल्यावरच्या तक्त्यात काय आहे, घरी काय जाणार, असे तीन रकाने शेजारी-शेजारी. आणि तक्ता थेट नर्सच्या नोंदीतून, यंत्राच्या सारांशातून नव्हे. जिथं रकाने जुळत नाहीत तिथं डॉक्टरनं 'सुरू', 'बंद' किंवा 'बदलली' यांतलं एक निवडायचं आणि कारण लिहायचं. गप्प बसणं म्हणजे 'सुरू' असं धरायचं नाही. आणि ज्या रोग्यांना रक्तस्राव, शस्त्रक्रिया किंवा धोक्याची औषधं आहेत, त्यांच्या डॉक्टरनं सारांश उघडण्याआधी स्वतः दोन-तीन ओळींत बोलायचं: या माणसानं घरी काय विसरता कामा नये. मग पडदा उघडायचा.

यावर सगळ्यांत मोठा ओरडा झाला. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, "मग यंत्र कशाला घेतलं? वेळ वाचवायला ना?"

"तुमच्या खरजेच्या कागदाला कुणी हात लावत नाही," ती म्हणाली. "तुम्ही खुशाल आरशात बघा. हे फक्त जिथं माणूस मरू शकतो तिथं."

जलद तपासणाऱ्यांचा पडदा उतरवायला मात्र व्यवस्थापक तयार होईनात. त्यावर इस्पितळाची शान होती म्हणे. शेवटी तिनं सरावाच्या ढिगाचे निकाल त्यांच्यापुढं ठेवले. पडद्यावर कायम पहिल्या नंबरावर झळकणाऱ्या डॉक्टरनं पेरलेल्यांपैकी सगळ्यांत कमी चुका पकडल्या होत्या. ते नाव व्यवस्थापकांच्या जावयाचं होतं. पडदा उतरला. त्या जागी माशांची पेटी आली.

पुन्हा सरावाचा ढीग वाटला गेला, नव्या चुकांसह. या वेळी औषधांच्या चुका बहुतेकांनी पकडल्या, कारण रकाने पकडूनच देत होते. तरीही काही सुटलंच. एका कागदात तिनं असं लिहिलं होतं की रोग्यानं धूम्रपान सोडलं, आणि मुळात रोग्यानं ते कधी केलंच नव्हतं. ते कुणालाच खटकलं नाही. तिलाही खटकलं नसतं, हे तिनं मान्य केलं, अर्थात फक्त अभियंत्यापाशी. म्हणून खऱ्या कागदांतले काही निवडून टंकखोलीतल्या दुसऱ्या बाईकडं जाऊ लागले. तिला पहिलीची दुरुस्ती दिसत नसे. ती मूळ आवाजापासून सुरू करी, आणि दोघींत जिथं फरक पडे तिथं वाद घालायला तिसरी बसे. फळ्यावरच्या विनोदी चुका पुसल्या गेल्या. तिथं आता चुकांचे प्रकार लिहिलेले असत: गळलेलं, शिळं, दुसऱ्याचं, बाजू बदललेली. आणि कुठली चूक घरी पोचलीच, तर नुसता पडद्यावरचा कागद सुधारून भागत नसे. छापील प्रत, औषधांची खिडकी, रोग्याचा नेहमीचा डॉक्टर, सगळ्यांना कळवणारा फोन कुणी केला त्याचं नाव टाकावं लागे.

व्यवस्थापकांनी कुठल्याशा परिषदेत या सगळ्यावर भाषण केलं. 'आमची त्रिस्तरीय मानवी तपासणी', असं त्याचं नाव. कात्रीबाईला बोलावलं नव्हतं. भाषणाचा सारांश यंत्राकडूनच काढलेला होता आणि त्यात औषधवाल्याचा संगणक बिघडल्याचा उल्लेख कुठंच नव्हता. तिनं तो कागद वाचला, "गळलेलं," असं समासात लिहिलं आणि व्यवस्थापकांच्या टेबलावर परत ठेवून दिला.

ती बदलली का? लोक विचारत. बदलली म्हणावं तर हाडांच्या सर्जनांना ती अजूनही सुपारीवरून टोमणे मारायची. पण एकदा टंकखोलीतून तिच्याच नोंदीवर शेरा आला: 'आवाजात "उजवं फुप्फुस" म्हणाला आहात, क्ष-किरणात डावं दिसतं. कृपया पाहावे.' ती तणतणत खाली गेली, दारातच म्हणाली, "मला शिकवता का?" आणि मग चित्र उघडून पाहिलं. डावंच होतं. तिनं दुरुस्ती केली, परत फिरली, आणि जिन्यावर स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "गाढव." शेजारून जाणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला ते आपल्यालाच उद्देशून वाटलं, आणि त्यानं माफी मागितली.

पुढच्या भेटीला भावोजी पोटवाल्या डॉक्टरांकडं गेले. व्रण भरला होता. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू करायची ठरली, शिवाय पोटाचं रक्षण करणारी दुसरी गोळी सोबत. पडद्यावर रकान्यात 'सुरू' निवडलं गेलं, कारण लिहिलं गेलं, कागद छापून निघाला.

भावोजींनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ते विचारत होते: "हे सुरू का? हे मागच्या वेळी बंद होतं, आता का नाही? ही दुसरी गोळी कधी थांबवायची, ते इथं का नाही लिहिलं?" पोटवाल्या डॉक्टरांनी उत्तरं दिली, आणि शेवटच्या प्रश्नावर थबकले. ते खरंच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते लिहिलं आणि कागद पुन्हा छापला.

भावोजींनी तोही पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

बाहेर बाकांवर बसलेले रोगी कुरकुरू लागले. एक जण उठून दाराशी आला आणि म्हणाला, "अहो, आत चाललंय काय? झोप लागली का कुणाला?"

"गप्प बसा," भिंतीला टेकून उभी असलेली कात्रीबाई त्याच्यावर खेकसली. "वाचतायत ते. तुमचा नंबर आला की तुम्हीही वाचा."